सगळे रेझिस्टर पाच टक्क्यांत बसतात, तरी बारा चार्जरचे बारा व्होल्टेज का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात आयटीआयमध्ये शिकवतो. गावातल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुलं रात्री अभ्यासाला बसतात, आणि वीज गेली की अंधार. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून बारा एलईडी दिवे करून घेतले. प्रत्येकात १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आणि एलएम३१७ या व्होल्टेज ठरवणाऱ्या आयसीवर बांधलेला साधा चार्जर. बॅटरी कायम चार्जरला लावलेलीच असते.

आउटपुट ठरवणारे दोन रेझिस्टर आहेत, २४० ओहम आणि २.४ के. दोन्ही कार्बनचे, सोनेरी पट्ट्याचे, म्हणजे पाच टक्क्यांचे. गणित असं केलं होतं:

```
Vout = 1.25 x (1 + 2400/240) = 13.75 V
```

बॅटरीवर स्टँडबायसाठी १३.५ ते १३.८ छापलंय, त्यात हे नीट बसतं. प्रत्यक्षात बारा नगांचे बारा आकडे आले. सगळ्यात कमी नग क्रमांक ३, १३.१० व्होल्ट. सगळ्यात जास्त नग क्रमांक ७, १४.६३. दोन महिन्यांनी सात नंबरची बॅटरी हाताला कोमट लागायला लागली आणि तिच्या दोन्ही बाजू फुगल्या. मुलं हिरमुसली, मलाही वाईट वाटलं, कारण त्यांनी मन लावून काम केलं होतं.

मग चोवीसच्या चोवीस रेझिस्टर काढून मोजले. २४० ला २२८ ते २५२ चालतं आणि २४०० ला २२८० ते २५२०. एकही बाहेर नाही! मग चूक कोणाची? मुलांनी विचारलं, "सर, सगळे पास आहेत, तर चार्जर नापास कसा?" मला धड उत्तर देता आलं नाही.

बुधवारपेठी

सर, यात चूक कोणाचीच नाही. पाच आणि पाच दहा. १३.७५ चे दहा टक्के साधारण १.३७, म्हणजे १२.४ ते १५.१ पर्यंत काहीही येऊ शकतं. तुमचे बाराही नग त्यात आहेत. टॉलरन्स म्हटलं की हे आलंच. पुढच्या वेळी एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, विषय संपला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या कुठल्याही दुकानात मिळतात, भावात फारसा फरक नाही.

मावळतीची_सर

सर, असाच त्रास आमच्या घरी झाला म्हणून लिहिते. हॉलचा पंखा दोन वर्षं हळूहळू मंद होत गेला. वायरमन म्हणाला, वाइंडिंग गेलं, नवा घ्या. माझ्या भाच्याने कपॅसिटर काढून मोजला. वर २.५ मायक्रोफॅरड, कमी-जास्त पाच टक्के असं छापलेलं, म्हणजे निदान २.३७ तरी हवा होता. भरला १.७. नवा टाकल्यावर पंखा पहिल्यासारखा पळायला लागला. तुमच्या चार्जरमधले कपॅसिटर तपासलेत का?

खडूफळा

ताई, कपॅसिटर ठीक आहेत. इलेक्ट्रोलिटिकला तसंही वीस टक्के कमी-जास्त चालतं, आणि इथे त्याच्यावरून व्होल्टेज ठरत नाही.

बुधवारपेठी, "बसतात" हे पटतं, पण फुगलेल्या बॅटरीला काय सांगू? तिला तर १३.८ च्या वर चालत नाही.

मोजपट्टी

सर, तुमच्या मुलांनी विचारलेला प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. मी बावीस वर्षं एका कारखान्यात आलेला माल तपासायच्या विभागात होते. हा प्रश्न तिथेही दर दोन महिन्यांनी यायचा. सुटे भाग आमच्याकडून पास होऊन जायचे आणि जोडलेला नग शेवटच्या टेबलावर अडायचा.

ताईंच्या पंख्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे कपॅसिटर म्हातारा होऊन हद्दीबाहेर गेला होता, म्हणजे तो खरोखरच नापास. इथे एकही भाग नापास नाही. सोनेरी पट्टा फक्त त्या एका रेझिस्टरबद्दल बोलतो. तुमच्या चार्जरचं काय होईल, याचं वचन तो देत नाही.

आधी सात आणि तीन नंबरचे तीन-तीन आकडे द्या. दोन्ही रेझिस्टरची नेमकी मापं, आणि चार्जर चालू असताना आयसीच्या आउट आणि ॲडजस्ट या दोन पायांमधलं व्होल्टेज. रेझिस्टर मोजताना एक पाय सोडवलेला असू द्या. बोर्डवर जोडलेला असताना मोजला तर बाजूच्या वाटांनीही करंट जातो आणि माप कमी दिसतं. आउटपुट मोजताना बॅटरी काढून ठेवा, पण एक के चा रेझिस्टर लोड म्हणून लावा. अगदी मोकळा ठेवला तर हा आयसी कधी कधी उगाच जास्त दाखवतो.

खडूफळा

मोजले. नग ७: २४० च्या जागी २३१, २४०० च्या जागी २४७२, पायांमध्ये १.२४ व्होल्ट. नग ३: २४९, २३३८ आणि १.२५ व्होल्ट. लोड लावूनही आउटपुट तेच, १४.६३ आणि १३.१०.

मोजपट्टी

आता बघा. सात नंबरमध्ये खालचा, म्हणजे २४०० चा, रेझिस्टर तीन टक्के जास्त आणि वरचा, म्हणजे २४० चा, जवळजवळ चार टक्के कमी. दोघेही आपापल्या हद्दीत. पण हा आयसी बघतो त्यांचा भागाकार. अंश वाढला आणि छेद घटला, की दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलतात. भागाकार हवा होता १०, झाला १०.७.

```
नग 7:  1.24 x (1 + 2472/231) = 14.51 V
       + 0.00005 x 2472      =  0.12 V
       एकूण                    = 14.63 V
```

दुसरी ओळ तुमच्या गणितात नव्हती. ॲडजस्टच्या पायातून साधारण ५० मायक्रोअँपिअर बाहेर येतात आणि खालच्या रेझिस्टरमधून जातात. वर्गात आपण ते सोडून देतो. इथे सोडता येत नाही, कारण ती ओळ धरली तर तुमचं १३.७५ मुळातच १३.८७ होतं. सगळे भाग अगदी तंतोतंत असते तरी तुम्ही १३.८ च्या वर गेला असतात.

तीन नंबरमध्ये सगळं उलट झालं. वरचा जास्त, खालचा कमी. त्याच सूत्राने १३.१० येतात, पडताळून बघा. ती बॅटरी फुगणार नाही, पण कधी पूर्ण भरणारही नाही. अर्धवट भरलेली लेड-ॲसिड तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. दिवा हळूहळू कमी वेळ चालायला लागेल, आणि कोणी चार्जरवर संशयही घेणार नाही.

बुधवारपेठी

म्हणजे माझं पाच आणि पाच दहा बरोबरच होतं की.

मोजपट्टी

इथे जवळपास जुळलं, कारण भागाकार मोठा आहे. तोच नियम सगळीकडे लावू नका. दहा के चे दोन रेझिस्टर घेऊन व्होल्टेज निम्मं करा. एक पाच टक्के जास्त, दुसरा पाच टक्के कमी, म्हणजे १०.५ आणि ९.५. मधल्या बिंदूवर मिळतं ०.५२५. हव्या असलेल्या ०.५ पेक्षा पाचच टक्के जास्त, दहा नाही. किती टक्के चूक पुढे जाईल हे त्या भागाचा त्या जागी किती वाटा आहे यावर ठरतं. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांचे आकडे सूत्रात घालूनच बघायचं.

इथे फक्त रेझिस्टर टोकाला नेले तर मला १२.७ ते १५.२ येतात.

शून्य_ओहम

मला एक शंका आहे. एकाच पट्टीतले रेझिस्टर मी बरेच मोजलेत, सगळे जवळजवळ सारखे असतात. पन्नासातले पंचेचाळीस एका टक्क्याच्या आत. मग सरांचे इतके विखुरलेले कसे? आणि पट्टी एकच असेल तर एकाची चूक दुसऱ्याने खोडली जायला नको का?

मोजपट्टी

एकाच मापाचे दोन असते तर तुमचं बरोबर होतं. दोघेही तीन टक्के जास्त, भागाकारात तीन टक्के उडून जातात. पण इथे २४० एका रिळातला, २४०० दुसऱ्या रिळातला. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय रीळच्या रीळ एका बाजूला झुकलेलं असू शकतं. आतले सगळे एकमेकांसारखे, पण सगळेच साडेतीन टक्के कमी. हे मी स्वतः पाहिलंय आणि तो माल मी पासही केलाय, कारण हद्दीत होता.

बुधवारपेठी

आणि एक. आमच्या दुकानाशेजारचे काका म्हणतात, एक टक्क्याचे चांगले आधी निवडून काढतात आणि उरलेल्यांना सोनेरी पट्टा मारतात. म्हणून पाच टक्क्यांच्या डब्यात मधला माल नसतोच, दोन्ही कडांचाच असतो.

शून्य_ओहम

माझ्या पंचेचाळीस रेझिस्टरांना हे सांगा. ते बरोबर मधलेच होते.

मोजपट्टी

मी तरी मधोमध भोक पडलेला डबा कधी पाहिला नाही. आता लेझरने किंवा चाकाने मळसूत्री खाच पाडून प्रत्येक नग मापाला आणतात, मग निवडून काढायची गरजच काय? पण जुन्या काळच्या कार्बन कंपोझिशनबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. तेव्हा निवड व्हायचीच.

खडूफळा

मी २४० चे दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणले होते, एका दुकानात संपले म्हणून. आता कळलं ते विखुरलेले का.

तर एक टक्क्याचे घेऊन पुन्हा बांधायचे का? मुलांची तयारी आहे.

मोजपट्टी

थांबा, घाई करू नका. उलट्या बाजूने या. बॅटरीला काय चालतं? १३.५ ते १३.८. मध्य १३.६५, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम एक टक्का. एवढीच जागा आहे, आणि ती सगळ्यांनी वाटून घ्यायची आहे.

आता आयसीकडे बघा. त्याच्या आतलं १.२५ हेसुद्धा एका भागाचंच माप आहे आणि त्यालाही टॉलरन्स आहे. १.२० ते १.३०. चार टक्के! रेझिस्टर शंभर नंबरी सोन्यासारखे अचूक घेतलेत तरी तुमचा चार्जर १३.३ ते १४.४ यांत कुठेही येईल. एक टक्क्याचे रेझिस्टर लावून नग जवळ येतील, पण सगळे बाराच्या बारा हद्दीत येतील याची खात्री नाही. बुधवारपेठी, म्हणून विषय संपला नाही.

जिथे भागांची मिळून होणारी चूक बॅटरीच्या हद्दीपेक्षा मोठी आहे, तिथे प्रत्येक नग बांधल्यावर मापाला आणावाच लागतो.

बुधवारपेठी

मग प्रीसेट लावा. २.२ के आणि त्याच्यापुढे ५०० ओहमचा प्रीसेट. स्क्रू फिरवा, १३.६५ वर आणा.

मोजपट्टी

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. प्रीसेट पण पाचशेचा पाचशे नसतो. स्वस्तातला वीस टक्के कमी भरू शकतो, म्हणजे चारशेच. वरचा रेझिस्टर एक टक्क्याचा असेल तर चारशेतही भागतं. तो पाच टक्क्यांचाच ठेवलात तर एखाद्या नगात स्क्रू शेवटापर्यंत जाईल आणि व्होल्टेज तरी कमीच राहील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रीसेटचा फिरणारा संपर्क धुळीने किंवा गंजाने कधीतरी सुटतो. खालच्या रेझिस्टरची वाट तुटली की हा आयसी आत येणारं जवळजवळ सगळं व्होल्टेज बॅटरीवर ढकलतो. म्हणून मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडलेलाच हवा. मग संपर्क सुटला तर पूर्ण पाचशे मध्ये राहतात आणि आउटपुट पंधराच्या थोडं वर थांबतं. तेही वाईटच, पण अठरा-वीसपेक्षा बरं.

मुलांच्या खोलीत वर्षानुवर्षं राहणारी वस्तू आहे. मी प्रीसेट लावणार नाही.

खडूफळा

मग?

मोजपट्टी

आहे तोच बोर्ड ठेवा. सात नंबरमध्ये २४७२ आहे, तिथे १३.६५ साठी २२९० हवा. दोघांचा फरक भरून काढायला समांतर साधारण ३१ के लागतो. बाजारात ३३ के मिळतो, तो २४७२ च्या पाठीवर डागून टाका.

```
2472 || 33000 = 2300 ohm
Vout = 13.70 V
```

आणि इथे तुमच्याकडचा सोनेरी पट्ट्याचाच ३३ के लावा, मुद्दाम. तो पाच टक्के कमी भरला तरी जोडी २२९१ होते, जास्त भरला तर २३०७. व्होल्टेजमध्ये फरक पडतो चार शतांश व्होल्टचा. ज्या पाच टक्क्यांनी बॅटरी फुगवली, तेच पाच टक्के या जागेवर निरुपद्रवी आहेत, कारण एकूण कामात त्याचा वाटा छोटा आहे.

तीन नंबरला उलट करायचं. २३३८ च्या पुढे मालिकेत १०० ओहम जोडा, १३.६१ येईल. बाकीचे दहा मुलांना स्वतः काढू द्या. वरचं माप, खालचं माप, पायांमधलं व्होल्टेज, तीन आकडे वहीत आणि मग काय जोडायचं ते.

मावळतीची_सर

मला सगळं कळलं नाही, पण छान समजावलंत. एक विचारू? ज्या मीटरने सर मोजतात त्याचं माप बरोबर कशावरून? भाच्याचे दोन मीटर नेहमी भांडतात.

मोजपट्टी

ताई, हे मीच आधी सांगायला हवं होतं. साध्या मल्टिमीटरच्या कागदावर वीस व्होल्टच्या पट्ट्यात साधारण अर्धा टक्का आणि शेवटचे दोन आकडे इतकी चूक दिलेली असते. १३.६५ ला ती ०.०९ व्होल्ट होते. वर ०.०९, खाली ०.०९, म्हणजे ०.३ च्या हद्दीतले ०.१८ मीटरनेच खाल्ले. म्हणून नेम १३.८ वर नाही, मधोमध १३.६५ वर धरायचा.

खडूफळा

आठ दिवसांनी लिहितोय. बारापैकी सात नगांना समांतर, तिघांना मालिकेत, दोघांना काहीच नाही.

पण मध्ये एक प्रकार झाला. चार नग पहिल्या दिवशी पूर्ण केले, सगळे १३.६५ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी मुलांनी वर्कशॉपमधला दुसरा मीटर घेतला तर तेच चार नग १३.९० दाखवायला लागले. आदल्या दिवशी १३.६६ असलेला नग १३.९०! मुलांनी समांतर रेझिस्टर काढायला सुरुवातही केली होती. मी थांबवलं आणि मीटर उघडला. आतला नऊ व्होल्टचा सेल सात व्होल्टच्या खाली आलेला. नवा टाकल्यावर १३.६४.

आता बाराही नग १३.५८ ते १३.७२ मध्ये आहेत. सात नंबरला नवी बॅटरी, १३.६९. मुलांनी प्रत्येक डब्याच्या आत तिन्ही मापं लिहून चिकटवली आहेत.

चांद्याचा_वाघ

सर, काम फार आवडलं. पण एक राहिलं. मी चंद्रपूरचा. बॅटरीवरचे १३.५ ते १३.८ हे २५ अंशांना असतात. तुमच्याकडे मे महिन्यात खोलीत किती?

खडूफळा

बंद खोलीत चाळीसच्या वर.

मोजपट्टी

वाघोबांचं बरोबर आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण १८ ते २० मिलिव्होल्ट कमी लागतात. चाळीस अंशांना ती हद्दच ०.३ ने खाली सरकते, १३.२ ते १३.५. म्हणजे मे महिन्यात तुमचे बाराही नग हद्दीच्या वर आहेत. सात नंबर फुगला त्यात उन्हाचाही हात असणार.

चांद्याचा_वाघ

आमच्याकडे मी बाराही महिने १३.४ ठेवतो. थंडीत थोडी कमी भरते, पण उन्हाळ्यात वाचते.

मोजपट्टी

मी तसं ठेवणार नाही. थंडीचे चार महिने अर्धवट भरलेली राहिली तर सल्फेटचा धोका आहेच. मी आयसीच्या ॲडजस्टच्या वाटेत तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा थर्मिस्टर बसवेन. पण त्याचं माप निवडायचं म्हणजे पुन्हा टॉलरन्स आला, आणि साधा थर्मिस्टर पाच-दहा टक्क्यांचा असतो.

चांद्याचा_वाघ

गावातल्या दिव्यात थर्मिस्टर बिघडला तर बदलणार कोण? मी १३.४ वरच ठाम आहे.

खडूफळा

सहा नग १३.४ वर आणतो आणि सहा आहेत तसे ठेवतो. सगळ्या बॅटरी आता एकाच खोलीत आहेत. पुढच्या मार्चमध्ये प्रत्येक दिवा किती वेळ जळतो ते मोजून इथेच टाकेन.